समन्स केस, वॉरंट केस आणि समरी ट्रायल: तुमचा खटला कोणत्या वाटेने जाणार, हे आधीच कसं ओळखायचं

"वकीलसाहेब, ती वॉरंट केस आहे म्हणतात. म्हणजे पोलीस घरी येणार का?" तालुका कोर्टात वकिली करणाऱ्याला हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. उत्तर एकच असतं: नावावर जाऊ नका. वॉरंट केसमध्येही आरोपीला साधं समन्स निघू शकतं, आणि समन्स केसमध्ये दोन-तीन तारखांना दांडी मारली तर वॉरंट निघतं. ही नावं पोलीस कसे येतील हे सांगत नाहीत. कोर्ट खटला कोणत्या क्रमाने चालवणार, तेवढंच सांगतात. आणि त्या क्रमावरच ठरतं की तुम्हाला सहा वेळा कोर्टाची पायरी चढायची की तीस वेळा.

खाली जे लिहिलंय ते १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आहे. त्या तारखेला जे खटले कोर्टात आधीच चालू होते ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच पुढे चालतात, त्यामुळे जुन्या केसच्या कागदांवर २५१, २५६, २६० असे कलमांचे आकडे दिसले तर गोंधळू नका. ढाचा बराचसा तोच आहे.

पहिली पायरी: कलमातली कमाल शिक्षा वाचा

कागद हातात आला की आधी फक्त कलमं बघायची. प्रत्येक कलमाखाली कायद्याने जास्तीत जास्त किती कैद सांगितली आहे, ते शोधायचं. फाशी, जन्मठेप किंवा दोन वर्षांपेक्षा जास्त कैद असेल तर ती वॉरंट केस. बाकी सगळ्या समन्स केस. न्यायाधीश प्रत्यक्षात किती शिक्षा देतील याच्याशी याचा संबंध नाही, कायद्यातला कमाल आकडा बघायचा.

इथे "पर्यंत" आणि "पेक्षा जास्त" या दोन शब्दांत लोक अडकतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, म्हणजे शांतता भंग व्हावी म्हणून मुद्दाम अपमान करणे, जुन्या दंड संहितेचं ५०४. याला कमाल शिक्षा दोन वर्षं. दोन वर्षं म्हणजे दोनपेक्षा जास्त नव्हे, म्हणून ही समन्स केस. कलम ११५(२), साधी दुखापत, जुनं ३२३: एक वर्ष, समन्स केस. कलम ११८(१), धोकादायक हत्याराने दुखापत, जुनं ३२४: तीन वर्षं, वॉरंट केस.

एकाच प्रकरणात दोन्ही प्रकारची कलमं असतील तर संपूर्ण खटला वॉरंट पद्धतीने चालतो. म्हणजे फिर्यादीत दहा कलमं समन्सची आणि एकच वॉरंटचं असलं, तरी ते एक कलम सगळ्या खटल्याला लांबच्या रस्त्यावर नेतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या उदाहरणात ती कामाला येणार आहे.

आता समरी ट्रायल, ज्याला मराठीत संक्षिप्त चौकशी म्हणतात. बरेच जण ही तिसरी जात समजतात. तसं नाही. जाती दोनच, समन्स आणि वॉरंट. समरी ही खटला चालवण्याची आखूड रीत आहे. ती समन्स केसलाही लागू शकते आणि काही वॉरंट केसलाही.

बांधाचं भांडण, तीन रस्ते

एक प्रकरण घेऊ. ओळख पटू नये इतपत तपशील बदलला आहे. चुलता आणि पुतण्या, मधे उसाच्या दोन रानांमधला बांध. नांगरट करताना बांध कोरला म्हणून चुलत्याने शिवी दिली, पुतण्याने कानाखाली मारली, ढकललं. चुलता पडला, कोपर खरचटलं. संध्याकाळी चुलता पोलीस ठाण्यात. ठाण्यात एन.सी. झाली, कारण ११५(२) आणि ३५२ दोन्ही अदखलपात्र आहेत. अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, आणि एन.सी.च्या पावतीवर "कोर्टात दाद मागावी" असं सांगून मोकळे होतात.

इथेच बरीच माणसं झोपतात. पावती मिळाली म्हणजे केस झाली असं त्यांना वाटतं. कोर्टाला मात्र दखल घ्यायला मुदत असते: एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्ष, एक ते तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याला तीन वर्षं. नुसतं ११५(२) असेल तर घटनेपासून वर्षाच्या आत खासगी फिर्याद दाखल व्हायला हवी.

चुलत्याने चार महिन्यांनी वकिलामार्फत खासगी फिर्याद दाखल केली. आणि त्यात एक नवी वस्तू आली: कोयता. एन.सी.त कोयता नव्हता. फिर्यादीत "आरोपीने कोयत्याच्या मुठीने मारले" असं वाक्य आलं आणि कलम ११८(१) जोडलं गेलं. हेतू सरळ होता, पुतण्याला घाबरवायचं. पण या एका वाक्याने खटल्याचा रस्ताच बदलणार होता, हे चुलत्याला कोणी सांगितलं नव्हतं.

रस्ता एक: समन्स केस

समजा कोयता नाही, फक्त ११५(२) आणि ३५२. खासगी फिर्यादीत आधी फिर्यादीची आणि हजर साक्षीदारांची शपथेवर तपासणी होते, ज्याला कोर्टात सगळे व्हेरिफिकेशन म्हणतात. नव्या कायद्याने इथे एक पायरी वाढवली आहे: दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यायची. त्यामुळे पूर्वीपेक्षा दोन-तीन तारखा इथेच जातात. मग कोर्टाला योग्य वाटलं तर प्रोसेस इश्यू होते, म्हणजे आरोपीला समन्स निघतं.

आरोपी हजर झाला, जामीन दिला, की पुढची मोठी तारीख प्लीची. समन्स केसमध्ये रीतसर दोषारोप तयार करत नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ प्रमाणे न्यायाधीश आरोपाचा सारांश वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? नाकारला की थेट पुरावा. फिर्यादीची सरतपासणी, उलटतपास, त्याचे साक्षीदार, मग आरोपीचा जबाब, हवा असेल तर बचावाचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. प्रत्येक साक्षीदार एकदाच पिंजऱ्यात.

प्लीच्या दिवशी एक इशारा. "थोडा दंड भरून मोकळं व्हा" असं कोर्टाच्या व्हरांड्यात कोणीतरी हमखास सांगतं. दंड पाचशे रुपयेच असेल, पण कागदावर ती दोषसिद्धी असते. पुतण्या तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होता. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये "कधी शिक्षा झाली आहे का" या रकान्यात त्याला आयुष्यभर "होय" लिहावं लागलं असतं. त्याचा वकील म्हणून मी त्याला कबुली देऊ दिली नाही.

जुन्या कायद्यात समन्स केसमधून मध्येच बाहेर पडायचा दरवाजा जवळपास नव्हताच. एकदा प्रोसेस निघाली की दंडाधिकारी ती मागे घेऊ शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं. आरोपीला वरच्या कोर्टात जावं लागे. नव्या कलम २७४ ला जोडलेल्या परंतुकाने खिडकी उघडली आहे. आरोप निराधार वाटला तर दंडाधिकारी कारणं लिहून आरोपीला सोडू शकतात, आणि त्याचा परिणाम डिस्चार्जसारखा, म्हणजे खटला पुढे न चालवता आरोपीला सोडल्यासारखा असतो. प्लीच्या आधी हा अर्ज देता येतो, हे अजून बऱ्याच ठिकाणी अंगवळणी पडलेलं नाही.

रस्ता दोन: पोलिसांच्या चार्जशीटवरची वॉरंट केस

आता समजा त्याच संध्याकाळी कोयत्याची जखम खरंच होती आणि पोलिसांनी ११८(१) खाली गुन्हा नोंदवला. तपास होतो, पंचनामा होतो, चार्जशीट येतं. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्याला सगळ्या कागदांच्या नकला मिळायला हव्यात. नकला मिळाल्या ती तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा, कारण डिस्चार्जचा अर्ज त्या तारखेपासून ६० दिवसांत द्यायचा असतो. ही मुदत नवी आहे, आणि जुन्या सवयीने चार्जच्या दिवशी अर्ज घेऊन उभे राहणारे आता अडचणीत येतात.

डिस्चार्ज नाकारला किंवा मागितलाच नाही, तर कोर्ट लेखी दोषारोप ठेवतं. त्यासाठीही दोषारोपावरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांची मुदत कायद्यात आहे. मग सरकारी पक्षाचे साक्षीदार: फिर्यादी, प्रत्यक्षदर्शी, दोन पंच, डॉक्टर, तपास अधिकारी. खटला रखडतो तो बहुधा शेवटच्या दोघांपाशी. डॉक्टरांची बदली झालेली असते, तपास अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला. कायदा म्हणतो की दोनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. बोर्डावरच्या सत्तर-ऐंशी प्रकरणांपुढे त्या वाक्याचं काय होतं ते रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत दिसतं.

रस्ता तीन: खासगी फिर्यादीवरची वॉरंट केस, सगळ्यात लांबची

चुलत्याने निवडलेला रस्ता हाच होता, नकळत. पोलिसांचं चार्जशीट नसलं की दंडाधिकाऱ्यांसमोर तपासाचे कागद नसतात. मग दोषारोप ठेवायचा कशावरून? म्हणून कायदा आधी पुरावा घ्यायला लावतो. फिर्यादी आणि त्याचे साक्षीदार आधी तपासले जातात. याला दोषारोपापूर्वीचा पुरावा म्हणतात. त्यावरून आरोप टिकण्यासारखा वाटला तरच दोषारोप, नाहीतर डिस्चार्ज.

आणि दोषारोप ठेवल्यावर आरोपीला विचारलं जातं: आधी तपासलेल्या साक्षीदारांपैकी कोणाला उलटतपासासाठी परत बोलवायचं? आरोपीचा वकील बहुधा सगळ्यांना बोलवतो. म्हणजे तेच चार साक्षीदार, तोच प्रसंग, पुन्हा पिंजऱ्यात. मधल्या वर्षभरात एक साक्षीदार पुण्याला कंपनीत लागलेला असतो, दुसऱ्याचं फिर्यादीशी बिनसलेलं असतं, आणि तिसऱ्याला कोयता उजव्या हातात होता की डाव्या, हे आता आठवत नाही. फिर्यादीसाठी हा रस्ता लांब तर आहेच, शिवाय पुरावा कमजोर करणाराही आहे. पोलिसांनी दखल घेतली नाही म्हणून कलम चढवून खासगी फिर्याद टाकणारा माणूस स्वतःचाच खटला दुप्पट करतो, असं मला स्पष्ट वाटतं.

आमच्या प्रकरणात चुलत्याचं नशीब विचित्र निघालं. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यावर "साधी जखम, कठीण व बोथट वस्तूने" एवढंच होतं, एन.सी.त कोयता नव्हता, व्हेरिफिकेशनमध्ये साक्षीदाराने तो पाहिल्याचं सांगितलं नाही. दंडाधिकाऱ्यांनी ११८(१) वगळून फक्त ११५(२) आणि ३५२ खाली प्रोसेस काढली. घाबरवायचं हत्यार गेलं, पण खटला लांबच्या रस्त्यावरून आखूड रस्त्यावर आला.

समरी ट्रायल: आखूड रीत आणि तिचा खड्डा

कलम २८३ मध्ये काही गुन्हे असे आहेत जे दंडाधिकाऱ्यांनी समरी पद्धतीनेच चालवायचे: वीस हजार रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी, तसा चोरीचा माल जवळ ठेवणं, ३५२ सारखे अपमानाचे गुन्हे वगैरे. चोरीच्या मालाची मर्यादा जुन्या कायद्यात दोन हजार होती. याशिवाय, तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नसलेला कोणताही गुन्हा दंडाधिकारी समरी पद्धतीने घेऊ शकतात. मात्र त्याआधी आरोपीला ऐकून घ्यायचं आणि कारणं लिहायची. पूर्वी ही मर्यादा दोन वर्षांची होती. म्हणजे ११८(१) ची वॉरंट केससुद्धा आता या रीतीने चालू शकते.

क्रम समन्स केसचाच, फक्त लिखाण कमी. साक्षीचा शब्दन् शब्द उतरवायचा नाही, सार नोंदवायचं. निकालात थोडक्यात कारणं. आणि या आखूडपणाची किंमत म्हणून कोर्टाचे हात बांधलेले: समरी खटल्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. आरोपीच्या बाजूने ही मोठी सोय आहे, तीन वर्षांच्या कलमावर डोक्यावरचं ओझं तीन महिन्यांवर येतं. उलट, वरच्या कोर्टात साक्षीतल्या बारीक विसंगतींवर लढायचं असेल तर सारांशाच्या नोंदीत त्या विसंगती सापडत नाहीत. म्हणून दंडाधिकारी "समरी घेऊ का" असं विचारतात तेव्हा लगेच मान डोलवायची नसते. आपला बचाव उलटतपासावर उभा असेल तर तसं सांगून नेहमीच्या पद्धतीचा आग्रह धरावा. समरी चालवायचा निर्णय झाल्यावर त्याविरुद्ध अपील नाही.

खड्डा पुढे आहे. समन्स किंवा वॉरंट खटला अर्धा झाल्यावर न्यायाधीशांची बदली झाली, तर नवे न्यायाधीश आधीच्यांनी नोंदवलेला पुरावा वापरून पुढे चालू शकतात. समरी खटल्यात नाही. सारांशावरून दुसऱ्याने निकाल द्यायचा नाही, म्हणून पुरावा पहिल्यापासून पुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नितीनभाई शहा प्रकरणात हे ठामपणे सांगितलं, आणि पक्षकारांची संमती असली तरी चालत नाही असंही. २०१४ मध्ये जे. व्ही. बहारुणी प्रकरणात थोडा दिलासा मिळाला: नाव समरी असलं तरी प्रत्यक्षात पुरावा समन्स केससारखा पूर्ण नोंदवला असेल, तर पुन्हा सुरुवात करायची गरज नाही.

याचा सगळ्यात जास्त फटका चेक बाऊन्सच्या केसना बसला. त्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे समरी चालवायच्या असतात, आणि तिथे तीन महिन्यांऐवजी एक वर्षापर्यंत कैद देता येते. न्यायाधीश त्या समन्स केस म्हणून चालवायचे, पण तसा हुकूम लिहायचे नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की समरीवरून समन्सवर जायचं तर कारणं लिहावीत. तुमची चेकची केस असेल तर फाइलमध्ये तो हुकूम आहे का, हे वकिलांना एकदा विचारा. पुढे बदली झाली की तोच कागद वर्ष वाचवतो.

आपली केस कोणत्या रस्त्यावर आहे, हे रोजनाम्यातून

ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर टाकला की केसचा प्रकार दिसतो. महाराष्ट्रातल्या तालुका कोर्टांत बहुधा R.C.C. किंवा S.C.C. असं असतं, पहिलं नियमित, दुसरं समरी. पण हे दाखल करतानाचं लेबल आहे, त्यावर विसंबू नका. S.C.C. नंबरची केस समन्स पद्धतीने चालताना रोज दिसते. रोजनाम्याची नक्कल काढा. "प्ली नोंदवली" असेल तर समन्स किंवा समरी. "दोषारोप ठेवला" असेल तर वॉरंट. "दोषारोपापूर्वीचा पुरावा" असेल तर तिसरा, लांबचा रस्ता. आणि साक्ष चार ओळींत आहे की चार पानांत, यावरून समरी नावाला आहे की खरोखर, ते कळतं.

एक गोष्ट आणखी. सहा महिन्यांपेक्षा जास्त शिक्षेची समन्स केस न्यायहितासाठी वॉरंट पद्धतीने चालवायचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे. तसं झालं की खटला नव्याने ऐकला जातो. क्वचित होतं, पण होतं.

फिर्यादी गैरहजर राहिला तर

दोन रस्त्यांमधला सगळ्यात तीक्ष्ण फरक इथे आहे. खासगी फिर्यादीवरच्या समन्स केसमध्ये फिर्यादी तारखेला आला नाही, तर कोर्ट त्याला हजर राहायला ३० दिवस देतं आणि तरीही आला नाही तर आरोपीची निर्दोष मुक्तता होऊ शकते. निर्दोष मुक्तता म्हणजे त्याच घटनेवर पुन्हा खटला नाही. वॉरंट केसमध्ये मात्र अशा गैरहजेरीने फक्त डिस्चार्ज होतो. तोही दोषारोपाच्या आधी, आणि गुन्हा आपसात मिटवता येण्याजोगा किंवा अदखलपात्र असेल तरच. डिस्चार्ज झालेल्या माणसावर पुन्हा फिर्याद होऊ शकते.

चुलत्याच्या प्रकरणात प्ली झाली, पुरावा लागला आणि गळीत हंगाम सुरू झाला. ऊसतोडीची टोळी दारात उभी असताना माणूस तारखेला येत नाही. एक तारीख गेली, दुसरी गेली. मी ३० दिवसांच्या मुदतीचा अर्ज दिला, मुदत मिळाली, ती संपली. त्या दिवशी त्याचे वकीलही दुसऱ्या कोर्टात अडकले होते. ते उभे राहिले असते तर कोर्ट फिर्यादीची हजेरी माफ करून पुढची तारीख देऊ शकलं असतं. पुतण्या सुटला.

तीन आठवड्यांनी चुलता नवी फिर्याद टाइप करून घेऊन आला, कोयत्यासकट. टायपिस्टने ती माझ्याच टेबलावर आणून ठेवली, चुकून. मी त्याला बसवलं, चहा सांगितला आणि म्हणालो, "काका, मी तुमचा वकील नाही, पुतण्याचा आहे. हा कागद तुमच्या वकिलांना दाखवा, आणि त्यांना फक्त एवढं विचारा की सुटका निर्दोष मुक्ततेची आहे का डिस्चार्जची." तो जिना उतरून गेला. संध्याकाळी त्याच्या वकिलांचा फोन आला. नवी फिर्याद टाकायची नाही, उच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागायची का, एवढाच प्रश्न आता त्यांच्यापुढे होता.